चौकट काढली, अंदाज उरला

अमेरिकेत दुकानातल्या मदतनिसाच्या किंवा हॉटेलातल्या कामगाराच्या साध्या नोकरीसाठीही अर्ज भरावा लागतो. त्या अर्जावर वर्षानुवर्षे एक चौकट असे: 'तुम्हाला कधी गुन्ह्याबद्दल शिक्षा झाली आहे का?' झाली असेल तर तिथे खूण करायची. त्या एका खुणेने काय होते, हे समाजशास्त्रज्ञ डेव्हा पेजर यांनी मिलवॉकी शहरात तपासले. सारख्या शिक्षणाचे, सारख्या वयाचे तरुण त्यांनी नोकरी मागायला पाठवले. कागदावर काहींच्या नावे शिक्षा होती, काहींच्या नव्हती. 2003 साली प्रसिद्ध झालेले त्यांचे आकडे असे: शिक्षा नसलेल्या गोऱ्या तरुणांपैकी 34 टक्क्यांना पुढचे बोलावणे आले, शिक्षा झालेल्या गोऱ्यांपैकी 17 टक्क्यांना. शिक्षा नसलेल्या कृष्णवर्णीयांपैकी 14 टक्क्यांना, आणि शिक्षा झालेल्यांपैकी 5 टक्क्यांना.

म्हणजे तुरुंग पाहून आलेला गोरा आणि पोलीस ठाण्याची पायरीही न चढलेला काळा यांत मालकाला गोरा थोडा बरा वाटत होता. पण चळवळीतल्या लोकांच्या नजरेत भरली ती दुसरी गोष्ट. शिक्षेच्या खुणेने गोऱ्याची संधी अर्धी होते आणि काळ्याची त्याहून कमी उरते. तुरुंगवासाचे प्रमाण कृष्णवर्णीयांत जास्त, म्हणून त्या चौकटीचा मारही त्यांनाच जास्त. मग ती चौकटच काढून टाका. हवाई राज्याने हे 1998 मध्येच केले होते, पुढे एकेका शहराने आणि राज्याने केले. मोहिमेला नाव पडले 'बॅन द बॉक्स'. कायदा साधारण असा, की शिक्षेची चौकशी करायला हरकत नाही, पण अर्ज घेताना ती करायची नाही. मुलाखत होऊ द्या, माणूस पाहा, मग विचारा. हेतूबद्दल शंका घेण्यासारखे त्यात काही नाही. मला तर तो कायदा वाचताना पटलाच होता.

न्यू जर्सीत आणि न्यूयॉर्क शहरात हा कायदा 2015 मध्ये आला. अमांडा एगन आणि सोंजा स्टार या दोन संशोधिकांनी ती संधी साधली. कायदा लागू होण्याआधी आणि झाल्यानंतर मिळून त्यांनी सुमारे 15,000 बनावट अर्ज भरले. एकविशी-बाविशीतल्या तरुणांचे, कमी कौशल्याच्या नोकऱ्यांसाठी. एकाचे नाव ऐकताच गोरा वाटावे असे, दुसऱ्याचे ऐकताच कृष्णवर्णीय वाटावे असे, बाकी सगळे जवळपास सारखे. ज्या कंपन्यांच्या अर्जावर चौकट होती त्यांच्याकडे कायद्याआधी गोऱ्या नावाला काळ्या नावापेक्षा 7 टक्के जास्त फोन येत. कायद्यानंतर त्याच कंपन्यांत हा फरक 43 टक्क्यांवर गेला. काळ्या नावाच्या अर्जांना शंभर फोन आले, तर तेवढ्याच गोऱ्या अर्जांना आधी एकशे सात येत होते, आता एकशे त्रेचाळीस.

भेद कमी व्हावा म्हणून केलेल्या कायद्याने भेद सहापट केला, हे कसे घडले? मालक एका रात्रीत वर्णद्वेष्टे झाले नव्हते. त्यांना शिक्षा झालेला माणूस नको होता, ही गोष्ट कायद्याआधीही तशीच होती. चौकट असलेल्या कंपन्यांत स्वच्छ अर्जाला शिक्षा असलेल्या अर्जापेक्षा 63 टक्के जास्त फोन येत होते. तेव्हा मालकाकडे उत्तर लेखी होते. काळ्या तरुणाने 'नाही' अशी खूण केली की शंकेला जागा कमी उरे. आता ते उत्तर हातून गेले आणि प्रश्न मात्र डोक्यात तसाच राहिला. मग त्याचे उत्तर मालक नावात शोधू लागला. कायद्याने झाकलेल्या माहितीची किंमत शिक्षा न झालेल्या कृष्णवर्णीय मुलांनी मोजली.

अर्थशास्त्रात याला सांख्यिकीय भेदभाव म्हणतात. एडमंड फेल्प्स यांनी 1972 मध्ये तो मांडला आणि केनेथ ॲरो यांनी त्याच सुमारास आपल्या पद्धतीने. त्याआधी गॅरी बेकर यांनी 1957 मध्ये भेदभावाचा जो विचार केला होता त्यात मालकाला विशिष्ट लोक आवडत नाहीत, आणि त्या नावडीसाठी तो पदरमोड करतो. चांगला माणूस नाकारतो, महाग माणूस घेतो. असा मालक स्पर्धेत मागे पडेल आणि बाजार हळूहळू त्याला सरळ करील, अशी त्यातून आशा तरी निघत होती. फेल्प्स यांच्या मालकाच्या मनात कुणाबद्दल आकस नाही. त्याला फक्त समोरचा माणूस किती काम करील हे दिसत नाही, म्हणून तो त्या माणसाच्या गटाची सरासरी वापरतो. त्यात त्याचे पैसे बुडत नाहीत, उलट वाचतात. म्हणून बाजार त्याला शिक्षा करीत नाही, आणि मला हा प्रकार पहिल्यापेक्षा चिवट वाटतो तो याच कारणाने.

गणित सोपे आहे आणि ते एकदा करून पाहण्यासारखे आहे. समजा दोन गट आहेत. मालकाच्या समजुतीप्रमाणे पहिल्या गटाची कामातली सरासरी 60 गुण आणि दुसऱ्याची 50. दोन्ही गटांतून एकेक उमेदवार आला आणि मुलाखतीत दोघांनीही 80 गुण मिळवले. अर्ध्या तासाच्या मुलाखतीवर किती विसंबायचे? मालक म्हणतो, निम्मे. निम्मा भार मुलाखतीला, निम्मा गटाच्या सरासरीला. मग पहिल्याचा अंदाज येतो 70 आणि दुसऱ्याचा 65. कामगिरी एकच, फरक पाच गुणांचा. आता मुलाखतीऐवजी खरी कसोटी लावली, एक दिवस काम करून घेतले, आणि तिच्यावर नव्वद टक्के विसंबता आले, तर अंदाज येतात 78 आणि 77. फरक एका गुणाचा. आणि मुलाखतच घेऊ दिली नाही, काही विचारूच दिले नाही, तर? मग सरासरीच उरते. 60 आणि 50. फरक पूर्ण दहाचा.

न्यू जर्सीत झाले ते हेच. माणसाबद्दलची माहिती जितकी पातळ, तितके गटाचे ओझे त्याच्या खांद्यावर जास्त. माहिती काढून घेणारा कायदा त्यामुळे भेदाला खतपाणी घालू शकतो, आणि घालतो. जेनिफर डोलिक आणि बेंजामिन हॅन्सन यांनी पुढे बनावट अर्जांऐवजी प्रत्यक्ष रोजगाराचे आकडे पाहिले. कमी शिकलेल्या तरुण कृष्णवर्णीय पुरुषांच्या हाताला काम असण्याची शक्यता या कायद्यांनंतर 3.4 टक्क्यांच्या अंकांनी घटलेली त्यांना दिसली. यावर वाद आहेत. टेरी-ॲन क्रेगी यांना सरकारी नोकऱ्यांत शिक्षा झालेल्यांचा खरोखरच फायदा झालेला आढळला. सरकारी भरती नियमांना बांधलेली असते, तिथे अर्ज चाळणाऱ्या कारकुनाला मनात येईल तसा अंदाज बांधायला वाव कमी, हे त्याचे कारण असावे असे मला वाटते. पण जिथे मॅनेजर अर्जांच्या गठ्ठ्यावरून नजर फिरवून पाच जणांना फोन करतो, तिथे चित्र वेगळे आहे.

इथवर आल्यावर एक वर्ग खूश होतो. तो म्हणतो, पाहा, सरकारने नाक खुपसले की असेच होते. मालक काही वाईट नाही, तो आपला हिशेब करतो. करू द्या त्याला. हे मत आपल्याकडेही कंपन्यांच्या एचआर खात्यात सर्रास ऐकू येते, फक्त तिथे त्याला 'व्यवहार' म्हणतात. मला ते मान्य नाही, आणि का नाही हे जरा सविस्तर सांगायला हवे. कारण या मताला 'भेदभाव वाईट असतो' एवढे उत्तर पुरत नाही.

पहिली गोष्ट अशी, की मालकाची सरासरी बहुतेक वेळा त्याने मोजलेलीच नसते. एगन आणि स्टार यांनी आपल्या आकड्यांवरून उलटा हिशेब केला: मालक ज्या प्रमाणात काळी नावे बाजूला सारत होते, त्यासाठी त्यांच्या डोक्यात गोऱ्या-काळ्यांच्या शिक्षेच्या प्रमाणातला फरक किती असायला हवा? आणि तो प्रत्यक्षातल्या फरकापेक्षा फुगवलेला निघाला. फरक खरा आहे, पण मालकाच्या मनातला त्याहून मोठा. मग ही चूक अनुभवाने सुधारत का नाही? कारण ज्याला फोनच गेला नाही तो माणूस कामावर कसा निघाला असता, हे मालकाला कधीच कळत नाही. घेतलेला माणूस वाईट निघाला तर तो रोज डोळ्यांपुढे असतो. नाकारलेला चांगला निघाला असता, तर त्याची नोंद कुठेही होत नाही. जो हिशेब एकाच बाजूच्या नोंदींवर चालतो त्याला शहाणपणाचा हिशेब म्हणणे म्हणजे हिशेबाचाच अपमान आहे.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. बाजारात हापूसची पेटी घेताना आपण वरचा देवगडचा शिक्का पाहून भाव देतो, कारण प्रत्येक आंबा कापून पाहता येत नाही. सरासरीवर घेतलेला तो निर्णय आहे आणि त्यात आंब्यावर काही अन्याय होत नाही. आपल्याला काय भाव मिळणार हे ऐकून आंबा कमी-जास्त गोड होत नाही. माणूस होतो. मॅरिॲन बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन यांनी बोस्टन आणि शिकागोमध्ये केलेला, 2004 साली छापून आलेला प्रयोग 'गोऱ्या नावाला दीडपट फोन' म्हणून सगळीकडे सांगितला जातो. त्यातला दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो, पण तो क्वचितच कुणी सांगते. त्यांनी काही अर्ज मुद्दाम सरस केले होते: जास्त अनुभव, जास्त कौशल्ये, मध्ये खंड कमी. सरस अर्जामुळे गोऱ्या नावाचे फोन सुमारे तीस टक्क्यांनी वाढले. काळ्या नावाच्या बाबतीत वाढ त्या मानाने फारच थोडी होती.

आता त्या दुसऱ्या नावाच्या सतरा वर्षांच्या मुलाने काय करावे? संगणकाचा कोर्स करायचा, फी भरायची, सुट्टीत फुकट काम करून अनुभव घ्यायचा, आणि त्याचे मोल शेजारच्या मुलाला मिळते त्याच्या तुकड्याएवढे. त्याने तो कोर्स केला नाही तर तो आळशी ठरत नाही, त्यानेही मालकासारखाच हिशेब केला. दहा वर्षांनी मालकाने आकडे काढले तर त्या गटात कोर्स केलेले खरोखरच कमी भरतील, आणि मालक म्हणेल, मी म्हणतच होतो. शेली लुंडबर्ग आणि रिचर्ड स्टार्ट्झ यांनी 1983 मध्ये, आणि स्टीफन कोट आणि ग्लेन लॉरी यांनी 1993 मध्ये या चक्राची गणिते मांडली. कोट आणि लॉरी यांनी दाखवले की दोन गट जन्मतः अगदी सारखे असले तरी मालकाच्या वेगवेगळ्या समजुतींमुळे ते वेगळे होऊ शकतात, आणि मग ती समजूत खरी ठरते. अशी सरासरी 'सत्य' असते खरी. पण ती मालकाला निसर्गाने दिलेली नसते. ती घडवण्यात त्याचा स्वतःचा हात असतो.

आणि समजा सरासरी तंतोतंत खरी आहे, कुणी घडवलेलीही नाही. तरी? या प्रश्नाचे सगळ्यांत स्वच्छ उत्तर मला एका जुन्या अमेरिकी खटल्यात सापडते. लॉस एंजेलिसच्या पाणी आणि वीज खात्यात स्त्री कर्मचाऱ्यांच्या पगारातून पेन्शनसाठी पुरुषांपेक्षा 14.84 टक्के जास्त रक्कम कापली जाई. कारण साधे: बायका सरासरीने जास्त जगतात, म्हणजे पेन्शन जास्त वर्षे द्यावी लागते. आकडेवारीत काही खोट नव्हती, विमा कंपन्यांचे मृत्युदराचे तक्ते होते. 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कपात बेकायदा ठरवली. न्यायालयाने सरासरी खोटी म्हटले नाही. गटाबद्दलचे विधान खरे असले तरी ज्या बाईला ते लागू नाही तिच्या पगाराला ते का लागू करता, एवढेच विचारले. साठीतच वारणाऱ्या बाईनेही आयुष्यभर नव्वदीची वर्गणी भरली होती. कायदा माणसाला न्याय देतो, गटाला नाही, असा त्या निकालाचा रोख होता. आणि असा न्याय फुकट मिळत नाही, खात्याला तो पैसे मोजूनच द्यावा लागणार होता. मला यात काही गैर दिसत नाही. नोकरी देणे हा मालकाचा खासगी मामला असला, तरी नोकरी मिळणे हा नागरिकाच्या जगण्याचा प्रश्न आहे, आणि थोडा खर्च त्यासाठी मालकावर पडला तर पडू द्यावा.

पण मग करायचे काय? चौकट परत छापायची? माझे म्हणणे असे आहे की मालकाला खरोखर काय जाणून घ्यायचे आहे हे आधी पाहावे. त्याला काम करण्याची कुवत जाणायची असेल, तर ती मोजण्याची चांगली सोय करावी, माहिती झाकू नये. त्याला भीती खर्चाची असेल, तर तो खर्चच त्याच्या डोक्यावरून उतरवावा. या दोन्हींतले काही न करता फक्त प्रश्न विचारायला बंदी घातली, तर बंदीच्या मागे सरासरी उभी असतेच.

मोजण्याच्या सोयीचे एक चांगले उदाहरण आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने आपल्या 1,363 दुकानांत मॅनेजरच्या मर्जीने होणारी भरती बदलून सगळ्यांना संगणकावर एक ठरावीक चाचणी द्यायला लावली. डेव्हिड ऑटर आणि डेव्हिड स्कारबरो यांनी तिचा अभ्यास 2008 मध्ये छापला. चाचणीत अल्पसंख्याक उमेदवारांना सरासरीने कमी गुण पडले. म्हणजे त्यांची भरती घटणार असे कुणालाही वाटेल. ती घटली नाही. भरती झालेले लोक मात्र आधीपेक्षा जास्त टिकले, मध्यम कालावधी दहा टक्क्यांनी वाढला, आणि हा फायदा दोन्हींकडे सारखा होता. कारण मॅनेजर गटाचा अंदाज आधीपासून लावतच होते. चाचणीने नवीन भेद आणला नाही. तिने प्रत्येक गटातले कोण बरे हे दाखवले. ॲबिगेल वोझ्नियाक यांनी नोकरीपूर्वीच्या अमली पदार्थ तपासणीबद्दल असेच काही दाखवले आहे. तपासणीला मोकळीक देणारे कायदे आल्यावर कृष्णवर्णीयांचा रोजगार वाढला. ज्याच्यावर संशय आधीच आहे त्याला निर्दोष असल्याचा कागद सगळ्यांत जास्त उपयोगी पडतो.

चाचणी म्हणजे काहीही नव्हे. ड्यूक पॉवर या कंपनीने मजुरीतून वरच्या कामावर जाण्यासाठी हायस्कूलचा दाखला आणि बुद्धिमापनाची परीक्षा लावली होती आणि तिचा कामाशी संबंध कंपनीला दाखवता आला नाही. 1971 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. कामाशी नाते नसलेली चाचणी ही गाळण्याचीच एक सभ्य रीत असते.

शिक्षा झालेल्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. त्यांना फक्त 'खरे सांगा' म्हणणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे. ओहायो राज्याने 2012 पासून वेगळी वाट धरली. शिक्षा भोगून झालेला माणूस न्यायालयाकडे अर्ज करतो, न्यायाधीश त्याची वागणूक तपासतो आणि नोकरीस पात्र असल्याचे प्रमाणपत्र देतो. त्या प्रमाणपत्राची दुसरी बाजू मालकासाठी आहे. अशा माणसाला कामावर घेतले आणि पुढे त्याने काही केले, तर 'निष्काळजीपणे भरती केली' म्हणून मालकावर होणाऱ्या दाव्यात त्याला संरक्षण मिळते. मालकांना चौकट का हवी असे, त्याचे मोठे कारण हा दाव्याचा धसका होता. इथे माहितीही वाढली आणि खर्चही उतरला.

आपल्याकडे ती चौकट नाही, पण आडनाव आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी 2005 पासून सव्वा वर्ष भारतीय शहरांतल्या खासगी नोकऱ्यांच्या 548 जाहिरातींना 4,808 अर्ज पाठवले. उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या तुलनेत दलित आडनावाला बोलावणे येण्याचा संभव सुमारे दोन तृतीयांश निघाला आणि मुस्लिम नावाला सुमारे एक तृतीयांश. यातला आकस किती आणि अंदाज किती हे असल्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. पण सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी एचआर मॅनेजरांशी बोलून जे लिहिले ते बोलके आहे. आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो असे सगळे सांगत, आणि मुलाखतीत मात्र वडील काय करतात, घरी कोण कोण आहे हे अगत्याने विचारत. यावर आडनाव झाकून अर्ज घ्यावेत असा उपाय सुचवला जातो. फ्रान्समध्ये तो करून पाहिला गेला, आणि स्वेच्छेने त्यात उतरलेल्या कंपन्यांत अल्पसंख्याकांना मुलाखतीची बोलावणी उलट कमी झाली. नाव दिसत होते तेव्हा त्या कंपन्या अर्जातल्या उणिवा पोटात घालत होत्या, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

आपल्या शहरांत मला याहून घातक वाटते ती मुलाखतच. डेनिस एग्नर आणि ग्लेन केन यांनी 1977 मध्ये एक बारीक गोष्ट दाखवली. दोन्ही गटांची सरासरी अगदी सारखी असली तरी कसोटी एका गटाला नीट वाचू शकत नसेल, तर त्या गटातले हुशार बुडतात. परभणीहून मराठी माध्यमातून शिकून आलेली मुलगी आणि पुण्यातल्या कॉन्व्हेंटमधली मुलगी, दोघींची मुलाखत इंग्रजीत. घेणाऱ्याला दुसरीचे बोलणे ओळखीचे, तिच्या उत्तरांवर तो नव्वद टक्के विसंबतो. पहिलीचे अडखळणे भाषेचे की विषयाचे हे त्याला कळत नाही, म्हणून तो निम्माच विसंबतो. दोघींनी 80 गुणांची उत्तरे दिली आणि सरासरी दोन्हींकडे 60 असली, तर कॉन्व्हेंटवालीचा अंदाज 78 आणि परभणीच्या मुलीचा 70. कुणाच्या मनात काही काळेबेरे नाही, सरासरीतही फरक नाही, आणि वरच्या पाच जागा कॉन्व्हेंटमधल्या मुलींना जातात. कोड लिहिण्याच्या नोकरीसाठी कोड लिहून घ्यावा, हिशेबाच्या नोकरीसाठी ताळेबंद जुळवून घ्यावा, आणि मराठीत समजावून सांगायची मुभा द्यावी, हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे. पण मुलाखत घेणाऱ्याला आपली पारख फार प्रिय असते.

दुसरा प्रकार खर्चाचा, आणि तो आपल्याकडे कायद्यानेच तयार केला आहे. 2017 मध्ये मातृत्व रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवडे झाली. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना ती लागू. बाईने आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेले असले की ती हक्कदार. रजा योग्यच आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ईएसआय या सरकारी कर्मचारी विमा योजनेच्या बाहेरच्या कर्मचाऱ्यांच्या बाबतीत या सहा महिन्यांचा पूर्ण पगार मालक एकटा देतो. महिना 40,000 पगार असेल तर सुमारे 2,40,000 रुपये. समजा मालकाचा अंदाज असा, की पंचविशीच्या दर सहा मुलींपैकी एक पुढच्या दोन वर्षांत रजेवर जाईल. तर त्याच्या वहीत प्रत्येक मुलीच्या नावावर 40,000 आधीच मांडले जातात. मूल नको असलेल्या मुलीच्याही आणि मूल होऊन गेलेल्या बाईच्याही. मग 'लग्नाचं काय ठरलंय?' हा प्रश्न येतो. तो अपमानास्पद आहे आणि विचारू नये. पण उद्या त्याला बंदी घातली, तर मालक वय आणि 'कुमारी' एवढ्यावरच अर्ज बाजूला ठेवील. रजेवर असलेल्या बाईला काढता येत नाही हे कायद्यात आहे. तिला मुळात घेतलेच नाही, तर भरतीत स्त्री-पुरुष भेद करू नका असे कायदा म्हणत असला तरी ते सिद्ध कोण करणार?

याच देशात, याच रजेसाठी दुसरी व्यवस्थाही चालू आहे. महिना 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना ईएसआय लागू होते तिथे 26 आठवड्यांचे पैसे ईएसआयचे महामंडळ देते. मालक पगाराच्या 3.25 टक्के वर्गणी भरतो, कर्मचारी 0.75 टक्के. 20,000 पगारावर मालकाचे 650 रुपये. ही रक्कम बाईमागे तेवढीच आणि पुरुषामागेही तेवढीच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2000 सालच्या करारात हेच तत्त्व लिहिले आहे, की मातृत्व लाभाचा भार एकेका मालकावर टाकू नये, तो विम्यातून किंवा सार्वजनिक पैशातून यावा. भारताने त्या करारावर मोहर उमटवलेली नाही.

21,000 ची ती रेघ निदान मातृत्वाच्या लाभापुरती काढून टाकली, आणि सगळ्या पगारांवर, स्त्री-पुरुष न पाहता, छोटी वर्गणी गोळा केली तर मालकाच्या वहीतले ते 40,000 पुसले जातात. सहा महिने बदली माणूस शोधण्याची कटकट उरते, ती खरी आहे. ती वाटून घ्यायची तर बापालाही सक्तीची रजा हवी, म्हणजे पंचविशीचा मुलगाही कधीतरी काही आठवडे जाणार हे मालकाने धरून चालावे. उद्योगांच्या संघटनांनी वाढीव रजेच्या खर्चाबद्दल पुष्कळ तक्रार केली आहे. वर्गणीची मागणीही त्यांनीच लावून धरायला हवी, कारण आज तो खर्च त्यांच्याच वहीत पडतो.